पानावरच्या रेघा आणि पानावरच्या गाठी

झाडाला काही झाले, की आपण एक पान तोडतो, पिशवीत टाकतो आणि तालुक्याला जातो. साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्या पानाचा चुरा झालेला असतो. आता बहुतेक घरांत मोबाईल आहे. पान झाडावर असतानाच त्याचा फोटो निघतो. ही मोठी सोय झाली.

पण फोटो मुका असतो. पान कोवळे आहे की जून? डाग हाताला गुळगुळीत लागतो की खरबरीत? नखाने खरडला तर निघतो का? आत काही जिवंत आहे का? एवढे फोटो सांगत नाही. ते लिहावे लागते.

खालचे पत्र श्रीगोंदा तालुक्यातल्या एका लिंबू बागाईतदाराचे आहे. त्याचे नाव-गाव आम्ही घातलेले नाही. पत्र सावकाश वाचा. फोटो तुमच्यासमोर नाहीत. तरी पान कसे दिसत असेल ते तुमच्या डोळ्यांपुढे येते का, ते पाहा.

ता. 9 ऑगस्ट

मा. तालुका कृषी अधिकारी साहेब यांस,

स. न. वि. वि. पत्रास कारण की, माझी कागदी लिंबाची 80 रोपे आहेत. मागच्या पावसाळ्यात लावली. आता कमरेइतकी झाली आहेत. बांधावर आंब्याची तीन झाडे आहेत, ती वडिलांच्या हातची. दोन्हींच्या पानांना काहीतरी झालं आहे. मुलाने मोबाईलवर फोटो काढले आणि बाजारच्या दिवशी छापून आणले. सहा फोटो सोबत ठेवले आहेत. मागे नंबर घातले आहेत. प्रत्येकाबद्दल थोडे लिहितो.

फोटो नं. 1. हे लिंबाचे अख्खे रोप. वरची नवी पाने वळली आणि चुरगळली आहेत. खालची जुनी पाने चांगली हिरवीगार आहेत. सगळा त्रास शेंड्याला आहे. आषाढात पाऊस लागला, नवी फूट आली आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

फोटो नं. 2. हे लिंबाचे कोवळे पान, खालच्या बाजूने. शेजारी रुपयाचे नाणे ठेवले आहे, म्हणजे आकार कळेल. पानावर चांदीसारखी चकाकणारी वाकडीतिकडी रेघ आहे. गोगलगाय गेल्यावर राहते तशी. पण ही रेघ पानाच्या वर नाही, आत आहे. वर पातळ पापुद्रा आहे, बोटाने पुसली तर जात नाही. रेघ सुरुवातीला दोऱ्याएवढी बारीक आणि पुढे रुंद होत गेली आहे. मधोमध एक काळसर बारीक रेघ दिसते. पान उन्हासमोर धरले तर रुंद टोकाशी पिवळट हिरवी बारीक अळी दिसते. पाच पाने धरून पाहिली. तिघांत अळी होती, दोघांत नव्हती.

फोटो नं. 3. या पानाची कड दुमडली आहे. रेघ थेट त्या दुमडीत जाते. अशी एक दुमड घरच्यांनी गोधडीच्या सुईने उकलली. आत तांबूस बारीक कोष होता. दुसरी उकलली, तर नुसती साल होती.

फोटो नं. 4. हा नीट आला नाही, हलला आहे. म्हणून जास्त लिहितो. या पानावर रेघ आहेच, पण रेघेच्या कडेने तीन ठिपके आहेत. ठिपके तांबूस आणि उंचवट्याचे आहेत. बोट फिरवले तर खरबरीत लागतात, पानाच्या दोन्ही बाजूंनी. भोवती पिवळे कडे आहे. असे ठिपके सगळ्या रोपांवर नाहीत. मी मोजले. 80 पैकी 9 रोपांवर आहेत. त्यातली 7 विहिरीच्या बाजूला, एकमेकांजवळ आहेत.

फोटो नं. 5. हे आंब्याचे पान. त्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या गाठी आल्या आहेत. एका पानावर 40 मोजल्या. गाठ वरूनही लागते आणि खालूनही. नखाने खरडली तर निघत नाही, पानाचाच मांसल भाग आहे असे वाटते. ही पाने या पावसाळ्यातली नाहीत, त्याआधीची आहेत.

फोटो नं. 6. गाठ ब्लेडने कापून फोटो घेतला. आत पोकळी आहे. दहा गाठी कापल्या. तिघांत पिवळसर किडा होता, मुंगीच्या अंड्याहून लहान. सातांत काही नव्हते, आणि त्या सातांना टाचणीच्या टोकाएवढे भोक होते.

साहेब, औषधाच्या दुकानात हेच फोटो दाखवले. दुकानदार म्हणाला, लिंबाला आणि आंब्याला एकच औषध मारा, आणि पावसाळा संपेपर्यंत दर आठ दिवसांनी मारा. शेजारचे तात्या म्हणतात, रोग लागलेली पानं सगळी ओरबाडून टाका. रोपांवर सोसायटीचे कर्ज आहे. अजून दोन-तीन वर्षे फळ नाही. तेवढे औषध मला परवडणार नाही, आणि पाने सगळी काढली तर रोपाला राहते काय? तरी मी काय करावे ते कळवावे. अजून एकही फवारणी केलेली नाही.

आपला,
(सही)

पत्र येथे संपले. आता थोडे थांबू आणि साहेबांनी ते कसे वाचले ते पाहू.

फोटो नंबर 2 पाहताच त्यांनी ओळखले, की ही पाने पोखरणारी अळी आहे. आपल्याकडे तिला नागअळी म्हणतात, कारण तिचा रस्ता नागाच्या चालीसारखा वळणावळणाचा असतो. तिचा पतंग इतका लहान असतो, की पानावर बसला तर कचरा वाटावा. पंख रुपेरी, टोकाला काळा ठिपका. तो रात्री कोवळ्या पानावर एकेक अंडे घालतो. अंड्यातून निघालेली अळी बाहेर फिरतच नाही. ती थेट पानाच्या सालीखाली शिरते आणि सालीचा रस खात पुढे सरकते. ती वाढते तसा तिचा बोगदा रुंद होतो. मधली काळसर रेघ म्हणजे अळीची विष्ठा. पोट भरले म्हणजे अळी पानाच्या कडेला येते, कड दुमडून घेते आणि आत कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो.

पानाची साल एकदा राठ झाली, की या अळीला तेथे थारा नाही. म्हणूनच नंबर 1 च्या फोटोत शेंडा चुरगळलेला आणि खालची पाने धड आहेत. मोठ्या झाडाला हा त्रास फारसा जाणवत नाही, त्याच्याकडे जुनी पाने भरपूर असतात. लहान रोपाची गोष्ट वेगळी. त्याचा सगळा संसार त्या नव्या फुटीवर चालतो.

साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने खूण केली ती मात्र नंबर 4 च्या मजकुराखाली. फोटो हललेला होता, त्यावरून काही सांगता आले नसते. पण 'उंचवट्याचे', 'दोन्ही बाजूंनी खरबरीत' आणि 'भोवती पिवळे कडे' हे शब्द वाचून त्यांना खैऱ्या रोगाचा संशय आला. खैऱ्या अळीमुळे होत नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे होतो. हे जंतू वाऱ्या-पावसाच्या सपकाऱ्याने या झाडावरून त्या झाडावर जातात आणि पानाला जखम असेल तेथून आत शिरतात. नागअळीचा बोगदा म्हणजे आयतीच जखम. कागदी लिंबाला तर हा रोग फार लवकर लागतो. पुढे तो फांदीवर आणि फळावर येतो, आणि डागी फळाला बाजारात भाव मिळत नाही. कर्ज फेडायचे ते याच फळावर.

आंब्याच्या गाठी पाहणाऱ्याला जास्त भीती घालतात, पण गोष्ट उलटी आहे. चिलटासारखी एक बारीक माशी आंब्याच्या कोवळ्या पानात अंडे घालते. अळी आत शिरली, की पान तिच्याभोवती वाढू लागते आणि गाठ होते. माणसाच्या पायात काटा मोडला तर भोवती कुरूप धरते, तसाच प्रकार. गाठीला भोक पडले म्हणजे माशी बाहेर पडून गेली. गाठ मात्र पान गळेपर्यंत तशीच राहते. ती कोणत्याही औषधाने बसत नाही. म्हणून ज्याने पानावर औषध मारले तो आठ दिवसांनी पाहतो, गाठी आहेत तशाच आहेत, आणि पुन्हा मारतो.

नखाने खरडून पाहणे हे साहेबांना विशेष आवडले. आंब्याच्या पानावर खवलेकीडही बसते, तीही उंचवट्यासारखी दिसते. पण खवला नखाने निघतो, गाठ निघत नाही. फोटोत दोन्ही सारखेच.

सहाव्या दिवशी साहेबांचे उत्तर आले. ते असे:

ता. 15 ऑगस्ट

स. न. वि. वि. आपले पत्र व सहा फोटो पावले. लिंबाच्या पानांत नागअळी आहे. आंब्याच्या पानांवर गाठी करणाऱ्या माशीच्या गाठी आहेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने भागणार नाही.

आंब्याला काही फवारू नका. आपली झाडे मोठी आहेत, एवढ्या गाठी ती सहन करतात. दहापैकी सात गाठी रिकाम्या आहेत, म्हणजे औषध मारायचे कोणावर? आता नवी पालवी येईल तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा. खूप गाठी धरून पाने गळू लागली, तरच मला कळवा.

लिंबाच्या ज्या पानांवर नुसत्या रेघा आहेत, ती तोडू नका. चुरगळलेले पानही रोपाला थोडे अन्न देते. सगळी पाने काढलीत तर रोप पुन्हा कोवळी फूट काढील, आणि पतंगाला तेच हवे आहे. मात्र बुडातून आणि खोडावर सरळसोट वाढणारे पाणसोट काढून टाका. सध्या युरिया देऊ नका. त्याने एकामागून एक कोवळी फूट येत राहते आणि अळीला बारा महिने चारा मिळतो.

फवारणी केव्हा करावी हे महत्त्वाचे आहे. जी अळी सालीखाली आहे तिच्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. म्हणून पुढची फूट बोटाच्या पेराएवढी झाली, की त्याच वेळी निंबोळीचा अर्क फवारा. त्याने पतंग अंडी कमी घालतो आणि नवी अळी नीट वाढत नाही. 8-10 दिवसांनी दुसरी फवारणी करा. पाने राठ झाली, की थांबा. दर आठ दिवसांनी जालीम औषध मारू नका. या अळीच्या अंगावर वाढणाऱ्या, गांधीलमाशीच्या जातीच्या फार बारीक माश्या असतात. त्या फुकट काम करतात. जालीम औषधाने आधी त्याच मरतात.

अर्काचे प्रमाण असे. 100 लीटर पाण्याला 5 किलो वाळलेली निंबोळी लागते. आपल्या रोपांना 60 लीटर पुरे, म्हणून 3 किलो घ्या. कुटून भरड करा आणि 5-6 लीटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा. 120 ग्रॅम साधा साबण पाण्यात विरघळवून त्यात घाला. मग पाणी घालून एकूण 60 लीटर करा. साबणाशिवाय अर्क लिंबाच्या गुळगुळीत पानावर ठरत नाही. अर्क त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी करा, कडक उन्हाने त्याचा गुण जातो. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा गेला पाहिजे. पावसाची उघडीप पाहून करा, नाहीतर सगळे धुऊन जाईल.

आता नंबर 4 चे सांगतो. तो खैऱ्या असावा असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. पण पत्रावरून मी खात्री देणार नाही. तशी पाच पाने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, कुजतात. तोवर एवढे करा. त्या 9 रोपांचे ठिपक्यांचे शेंडे कात्रीने छाटा आणि लगेच जाळा. बांधावर टाकू नका. पाने ओली असताना रोपांना हात लावू नका, पाण्याबरोबर जंतू हाताने पसरतात. आधी चांगल्या रोपांचे काम उरका आणि ही 9 रोपे शेवटी घ्या. एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्री साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा.

छाटल्यावर सगळ्या 80 रोपांवर कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारा. 10 लीटर पाण्याला 30 ग्रॅम घ्या. जास्त घालू नका, कोवळे पान भाजते. हे निंबोळीच्या अर्कात मिसळू नका, वेगळ्या दिवशी मारा. तोंडाला फडके बांधा. विहिरीच्या काठावर पंप धुऊ नका. हे औषध खैऱ्या झालेले पान बरे करत नाही. चांगल्या पानात जंतू शिरू नयेत यासाठी ते आहे. म्हणून छाटणी टाळून नुसते औषध मारले तर पैसे वाया जातील.

दोन आठवड्यांनी मोजून कळवा. मोजायचे असे: वेगवेगळ्या जागची 10 रोपे घ्या आणि प्रत्येकाची नवी 10 पाने पाहा. शंभर पानांपैकी किती पानांत रेघ आहे तो आकडा लिहा. 'कमी झालं' किंवा 'तसंच आहे' एवढ्यावरून मला काही कळत नाही.

आपला,
तालुका कृषी अधिकारी

उत्तर वाचून बागाईतदाराने आधी जुन्या फुटीची शंभर पाने मोजून ठेवली, म्हणजे पुढे ताडून पाहता येईल. घरच्यांनी आषाढात वेचलेली निंबोळी पोत्यात होतीच, तेव्हा अर्काला फक्त साबणाचे पैसे पडले. 9 रोपांचे शेंडे दोन पाटीभर निघाले. ते रॉकेलची काडी न लावता, काटक्यांच्या जाळावर दुपारी जाळले. पाच पाने वर्तमानपत्रात घालून मुलगा तालुक्याला देऊन आला. साहेबांनी पाने भिंगाखाली पाहिली. ठिपक्याचा मधला भाग फुटून बुचासारखा झाला होता. तो खैऱ्याच होता.

मग हे कार्ड गेले:

ता. 6 सप्टेंबर

मा. साहेब यांस, स. न. वि. वि. आपण सांगितले तसे केले. पाणसोट काढले. नवी फूट पेराएवढी झाल्यावर अर्काच्या दोन फवारण्या केल्या, मध्ये 9 दिवस ठेवले. पहिल्या फवारणीनंतर रात्री पाऊस झाला, म्हणून ती तिसऱ्या दिवशी पुन्हा केली. जुन्या फुटीच्या 100 पानांत 62 पानांवर रेघा होत्या. नव्या फुटीच्या 100 पानांत 23 आहेत. त्या 23 मधली 15 पाने विहिरीच्या बाजूची आहेत, तिकडे झाडोरा दाट आहे आणि फवारा नीट पोचला नाही. खरबरीत ठिपके छाटलेल्या 9 पैकी 2 रोपांवर पुन्हा दिसले, आणि एका नव्या रोपावर. तिन्हींचे शेंडे काल कोरड्या पानांवर छाटून जाळले. आंब्याला काही मारलेले नाही. त्याची नवी पालवी तांबूस आहे. तिच्यावर आज गाठ नाही, दर सोमवारी पाहतो. विहिरीकडच्या ओळीला तांब्याचे औषध पुन्हा केव्हा मारू ते कळवावे. नवा फोटो पाठवतो, या वेळी तो हललेला नाही.